आधी बहात्तर की सातशे सत्तावीस?

सहा चिठ्ठ्या घ्या आणि त्यांवर ७२, ७, ७८, ८, ७२७ आणि ७० हे आकडे लिहा. आता त्या एका ओळीत अशा मांडायच्या, की सगळे अंक सलग वाचल्यावर मोठ्यात मोठी संख्या मिळेल. चिठ्ठी फाडायची नाही, एकही वगळायची नाही. एकूण अंक अकरा आहेत, त्यामुळे चिठ्ठ्या कशाही लावल्या तरी उत्तर अकरा अंकीच येणार. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

हे कोडे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत वारंवार विचारले जाते. त्याचे उत्तर पाठ करून जाणारेही पुष्कळ असतात, कारण उत्तर एका ओळीचे आहे. ते बरोबर का आहे, हा मात्र पुढचा प्रश्न, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तो मोठी संख्या आधी लावण्याचा. तसे केले तर क्रम ७२७, ७८, ७२, ७०, ८, ७ असा लागतो आणि संख्या होते ७२७७८७२७०८७. पण ८ ची चिठ्ठी नुसती उचलून सर्वांत पुढे ठेवली, तरी संख्या आठाने सुरू होते आणि लगेच मोठी ठरते. म्हणजे ७२७ ही ८ पेक्षा कितीतरी मोठी असूनही इथे तिचा उपयोग कमी. चिठ्ठीवरचा आकडा किती मोठा आहे याला इथे महत्त्व नाही. ती चिठ्ठी पुढे ठेवल्यावर पहिले अंक कोणते येतात, याला आहे.

मग दुसरा विचार सुचतो. आकडे संख्या म्हणून न बघता शब्द म्हणून बघायचे आणि शब्दकोशाच्या उलट्या क्रमाने लावायचे. शब्दकोशात आधी पहिले अक्षर बघतात, ते सारखे असेल तर दुसरे, आणि एक शब्द मध्येच संपला तर तो आधी येतो. ‘कर’ आधी, ‘करवत’ नंतर. संगणक मजकूर लावतो तेव्हा हेच करतो. फोनमधल्या फायलींच्या यादीत १ नंतर २ न येता एकदम १० आलेला पुष्कळांनी पाहिला असेल. त्या यादीत आकडे मजकूर म्हणून लावलेले असतात. हाच क्रम उलटा केला की आपल्या चिठ्ठ्या ८, ७८, ७२७, ७२, ७०, ७ अशा लागतात आणि संख्या येते ८७८७२७७२७०७.

ही आधीच्यापेक्षा खूप चांगली आहे, पण अजून सर्वांत मोठी नाही. शेवटची ७ ची चिठ्ठी बघा. ती ७० च्या मागे बसली आहे, कारण शब्दकोशाच्या उलट्या क्रमात लांब शब्द आखूड शब्दाच्या आधी येतो. पण ७ आणि ७० या दोघांतून ७७० करता येतात, आणि ते ७०७ पेक्षा मोठे आहेत. शब्दकोशाचा नियम इथे चुकतो, आणि त्याचे कारण सरळ आहे. शब्द संपला की शब्दकोशाच्या दृष्टीने पुढे काहीच नसते. आपल्या ओळीत मात्र ७ संपल्यावर पुढची चिठ्ठी लगेच सुरू होते. तिथे पोकळी नसते, अंक असतो.

मग आखूड आकडा आधी लावायचा, असा नियम करावा का? ७ आणि ७० ला तो लागू पडतो. १२ आणि १२१ लाही पडतो, कारण १२१२१ ही संख्या १२११२ पेक्षा मोठी आहे. पण ७२ आणि ७२७ घ्या. ७२ आधी ठेवले तर ७२७२७ मिळतात, ७२७ आधी ठेवले तर ७२७७२. इथे लांब आकडा आधी हवा. म्हणजे लांबीवरून सरसकट काही ठरवता येत नाही. आखूड आकड्याच्या शेवटी त्याचाच पहिला अंक जोडून लांबी सारखी करायची, असाही एक उपाय काही जण करतात. त्यात १२ चे १२१ होतात, आणि ते नेमके दुसऱ्या चिठ्ठीवरच्या १२१ शी बरोबरी करतात. दोघे सारखेच आहेत असे प्रोग्रामला वाटते आणि तो त्यांना कसेही लावून मोकळा होतो. असे प्रोग्राम दहा चाचण्यांत पास होतात आणि अकराव्या चाचणीत पडतात.

वर आपण प्रत्येक वाद कसा मिटवला ते पाहिले, तर खरा नियम तिथेच सापडतो. दोन चिठ्ठ्या घ्यायच्या, दोन्ही प्रकारे जोडून बघायच्या, आणि ज्या जोडणीत मोठी संख्या येते तिच्यात जी चिठ्ठी पुढे होती ती आधी लावायची. बस्स. संगणकाच्या भाषेत याला तुलनेचा स्वतःचा नियम देणे म्हणतात. क्रम लावण्याचे काम संगणकाचे तयार सॉर्ट करते. दोघांत आधी कोण, एवढेच आपण सांगायचे.

इथे आकडे मजकूर म्हणून ठेवणे सोयीचे पडते, आणि तेही दोन कारणांनी. एक तर मजकूर नुसता एकापुढे एक जोडता येतो, गुणाकार-बेरीज करावी लागत नाही. शिवाय ७२७२७ आणि ७२७७२ यांची लांबी नेहमी सारखीच असणार, कारण दोन्हींत तेच अंक आहेत. लांबी सारखी असली की शब्दकोशाची तुलना आणि संख्यांची तुलना एकच उत्तर देतात. मघाशी शब्दकोशाने दगा दिला तो लांबी वेगवेगळी होती म्हणून. शेवटचे उत्तरही मजकूर म्हणूनच ठेवावे लागते. साध्या चौसष्ट बिटांच्या खणात एकोणीस अंकांच्या आसपास जागा संपते, आणि दहा अंकी शंभर चिठ्ठ्या असतील तर उत्तर हजार अंकी होते.

पायथॉनमध्ये हे सगळे इतक्या थोडक्यात मावते:

```python
from functools import cmp_to_key

def tulana(a, b):
    if a + b > b + a: return -1
    if a + b < b + a: return 1
    return 0

nums = [72, 7, 78, 8, 727, 70]
s = sorted(map(str, nums), key=cmp_to_key(tulana))
ans = "".join(s)
print("0" if ans[0] == "0" else ans)
```

उत्तर येते 87877277270. क्रम आहे ८, ७८, ७, ७२७, ७२, ७०. शेवटच्या ओळीतली शून्याची अट अनावश्यक वाटते, पण ती नसेल तर नुसत्या शून्यांच्या तीन चिठ्ठ्यांचे उत्तर ‘000’ असे छापले जाते. शून्य या नियमाने नेहमी सर्वांत मागे जाते. म्हणून उत्तराचा पहिलाच अंक शून्य असेल, तर सगळ्या चिठ्ठ्या शून्याच्याच आहेत असे खुशाल समजावे.

आता पुढचा प्रश्न. हा नियम दोन-दोन चिठ्ठ्यांचे भांडण सोडवतो. पण त्यावरून सहाही चिठ्ठ्यांची ओळ सर्वांत मोठी होईलच, हे कशावरून? सहा चिठ्ठ्यांचे सगळे ७२० क्रम हाताने नाही तरी संगणकावर तपासता येतील. वीस चिठ्ठ्या असल्या तर क्रमांची संख्या एकोणीस अंकी होते आणि तो मार्ग बंद होतो. उलट वीस चिठ्ठ्यांतल्या जोड्या फक्त १९० आहेत. एकशे नव्वद छोट्या निकालांवर एवढा मोठा दावा करायचा, तर त्याला आधार हवा.

अर्धा आधार सोपा आहे. ओळीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, तर त्यांच्या डावीकडचे अंक जागचे हलत नाहीत. उजवीकडचेही हलत नाहीत, कारण दोघांची मिळून लांबी तेवढीच राहते. बदलतो तो फक्त मधला तुकडा. म्हणून अदलाबदलीने मधला तुकडा मोठा झाला, तर पूर्ण संख्याही मोठी होते. शब्दकोशाच्या क्रमातून आलेली ८७८७२७७२७०७ ही संख्या घ्या आणि शेवटच्या ७ ला एकेक घर पुढे सरकवत न्या. ७० च्या पुढे नेले की ८७८७२७७२७७० होतात. मग ७२ च्या पुढे, मग ७२७ च्या पुढे, आणि शेवटी ८७८७७२७७२७० मिळतात. प्रत्येक पायरीला संख्या वाढली. पुढे ७८ आहे, आणि ७८७ ही ७७८ पेक्षा मोठी असल्यामुळे सात तिथे थांबतो.

उरलेला अर्धा आधार इतक्या सहज मिळत नाही. समजा पहिली चिठ्ठी दुसरीच्या आधी हवी, दुसरी तिसरीच्या आधी हवी, पण तिसरी पहिलीच्या आधी हवी, असा निकाल आला तर? दगड-कागद-कात्रीच्या खेळात नेमके असेच होते. प्रत्येक जोडीचा निकाल स्पष्ट असतो, पण तिघांत पहिला कोण हे सांगता येत नाही. आपल्या नियमात असे चक्र तयार झाले, तर सॉर्ट कुठून सुरू होते त्यावर उत्तर अवलंबून राहील. नियम वाचून चक्र होणार नाही असे वाटते खरे, पण वाटणे पुरेसे नाही.

चक्र का होत नाही, हे बघायला थोडे बीजगणित पुरते, आणि आकडे घेऊन केले तर तेही जड जात नाही. ७२ च्या पुढे ७२७ जोडणे म्हणजे ७२ ला हजाराने गुणून त्यात ७२७ मिळवणे. उलट्या क्रमात ७२७ ला शंभराने गुणून त्यात ७२ मिळवायचे. या दोघांत मोठे कोण हे बघताना दोन्ही बाजूंतून एक ७२ आणि एक ७२७ वजा करा. तुलना बदलत नाही, पण तिचे रूप बदलते. आता डावीकडे ७२ गुणिले ९९९ उरतात, म्हणजे ७१९२८, आणि उजवीकडे ७२७ गुणिले ९९, म्हणजे ७१९७३. दोन्हींना ९९ आणि ९९९ ने भागले की एका बाजूला ७२ छेद ९९ येतात आणि दुसऱ्या बाजूला ७२७ छेद ९९९.

इथे नववीचे गणित आठवा. छेदात नुसते नऊ असलेला अपूर्णांक दशांशात लिहिला की त्याचे रूप अखंड आवर्ती येते. ७२ छेद ९९ म्हणजे ०.७२७२७२… आणि ७२७ छेद ९९९ म्हणजे ०.७२७७२७… तेच अंक पुन्हा पुन्हा, न थांबता. मला या कोड्याचा हा भाग सर्वांत देखणा वाटतो. दोन चिठ्ठ्यांची जोडून केलेली तुलना म्हणजे प्रत्येक चिठ्ठीच्या स्वतःच्या एका किमतीची तुलना निघाली, आणि ती किंमत समोर कोणती चिठ्ठी आहे यावर अवलंबून नाही. ८ ची किंमत ०.८८८…, ७८ ची ०.७८७८…, ७ ची ०.७७७…, ७२७ ची ०.७२७७…, ७२ ची ०.७२७२…, आणि ७० ची ०.७०७०… वरून खाली वाचले तर आपला क्रम हजर. आणि किमती या साध्या संख्या असल्यामुळे त्यांच्यात चक्र होऊच शकत नाही. पहिली दुसरीपेक्षा मोठी आणि दुसरी तिसरीपेक्षा मोठी असेल, तर पहिली तिसरीपेक्षा मोठी असणारच.

मघाशी शब्दकोश कुठे चुकला तेही आता स्पष्ट होते. ७ संपल्यावर त्याने पुढे पोकळी धरली. खरे तर तिथे पुन्हा सात धरायला हवा होता, मग पुन्हा सात. १२ च्या पुढे १ जोडून थांबणाऱ्या उपायाचीही हीच गत झाली. दिशा बरोबर होती, पण तो एक पाऊल आधी थांबला. १२ ला १२१२ पर्यंत आणि १२१ ला १२११ पर्यंत नेले असते, तर चौथ्या अंकावर फरक दिसला असता.

मग किती लांब जावे लागते? यालाही नेमके उत्तर आहे. नॅथन फाइन आणि हर्बर्ट विल्फ या गणितज्ञांनी १९६५ साली आवर्ती रचनांबद्दल एक प्रमेय मांडले. आपल्या कोड्यापुरता त्याचा अर्थ असा, की दोन आकडे पुन्हा पुन्हा लिहीत गेल्यावर फरक दिसायचा असेल, तर तो दोघांच्या लांबीच्या बेरजेतून लांबीचा मसावि वजा करून येईल तेवढ्या अंकांत दिसतोच. दोन आणि तीन अंकी आकड्यांसाठी हे दोन अधिक तीन वजा एक, म्हणजे चार होतात. ७२ आणि ७२७ चा फरक बरोबर चौथ्या अंकावर पडतो, एकही अंक आधी नाही. तेवढ्या अंकांत फरक दिसला नाही, तर तो पुढे कधीच दिसणार नाही. ७ आणि ७७ तसे आहेत. त्यांना कोणत्याही क्रमाने लावा, ७७७ च होतात.

यावरून काही जण तुलनेचा नियम न लिहिता प्रत्येक चिठ्ठीची किंमत काढून त्या किमतीवर सॉर्ट करतात. हा मार्ग चांगला आहे. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये सॉर्टला थेट तुलनेचा नियम देण्याची सोय काढूनच टाकली आणि किंमत देण्याची ठेवली. म्हणून वरच्या प्रोग्राममध्ये `cmp_to_key` हा अडाप्टर लागला. पण किंमत काढताना ७२ भागिले ९९ असे साधे दशांश भागाकार करू नयेत. संगणकाचा नेहमीचा दशांश पंधरा-सोळा अंकांपर्यंतच भरवशाचा असतो, आणि नऊ व दहा अंकी चिठ्ठ्यांचा फरक अठराव्या अंकापर्यंत लांबू शकतो. दोन वेगळ्या किमती मग एकच दिसतात. अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच ठेवावा, किंवा मजकूर जोडून तुलना करावी.

तुलनेच्या नियमात आणखी एक चूक होते, आणि ती पकडायला फार त्रास देते. सी++ मध्ये ‘हा आधी यावा का’ याचे उत्तर हो किंवा नाही असे द्यायचे असते. दोन्ही जोडण्या सारख्या आल्या, तर उत्तर ‘नाही’ हवे. घाईत `>` ऐवजी `>=` लिहिले जाते. बरोबरीत कोणीही आधी आला तरी काय बिघडते, असे वाटते. पण सॉर्टचा आतला भाग एका मधल्या घटकाला धरून पुढे सरकत जातो, आणि त्याच्या बरोबरीचा घटक आला की आपण थांबू, या भरवशावर यादी संपली का हे तपासतच नाही. `>=` ने तो भरवसा मोडतो. सगळे घटक सारखे असतील तर तो यादीच्या बाहेर जातो आणि प्रोग्राम कोसळतो. जीएनयूच्या लायब्ररीत सोळापर्यंतच्या यादीला दुसरी, साधी पद्धत वापरतात, म्हणून छोट्या चाचण्यांत हा दोष झाकलेला राहतो. वीस-पंचवीस शून्यांची यादी देऊन बघणे ही याची चांगली परीक्षा. जावा थोडी प्रामाणिक आहे. सातव्या आवृत्तीपासून तिला सॉर्ट करताना निकालांत विसंगती आढळली, तर ती `Comparison method violates its general contract!` असा संदेश देऊन थांबते. मात्र विसंगती प्रत्येक वेळी तिच्या नजरेस पडेलच असे नाही.

हेच कोडे उलटे करून लहानात लहान संख्या मागितली तर? नियम उलटा करायचा, एवढेच मनात येते, आणि शून्य नसेल तर तेवढेच पुरते. शून्य असले की ते सर्वांत पुढे येऊन बसते. उत्तर शून्याने सुरू व्हायला नको असेल, तर क्रमातली पहिली बिनशून्याची चिठ्ठी उचलून पुढे ठेवावी असे वाटते. पण ०, १ आणि ११० या तीन चिठ्ठ्या घ्या. ११० ची किंमत ०.११०११०… आणि १ ची ०.१११…, म्हणून उलट्या नियमाने ११० ची चिठ्ठी १ च्या आधी लागते. तिला पुढे ठेवून उरलेल्या लावल्या तर ११००१ मिळतात. १ पुढे ठेवला तर मात्र त्याच्या मागे शून्य लगेच येते आणि १०११० होतात, जे लहान आहेत. पहिल्या जागेला वेगळी अट लागली की शेजाऱ्यांच्या अदलाबदलीचा युक्तिवाद तिथे चालत नाही, कारण एक अदलाबदल करायची परवानगीच नसते. मग शून्याने सुरू न होणारी प्रत्येक चिठ्ठी एकदा पुढे ठेवायची, बाकीच्या नियमाने लावायच्या, आणि आलेल्या संख्यांतून लहान निवडायची. बाकीच्यांचा क्रम दर वेळी तोच राहतो, फक्त पुढे गेलेली चिठ्ठी त्यातून निघते. त्यामुळे सॉर्ट एकदाच करावे लागते, आणि वीस चिठ्ठ्या असल्या तर जास्तीत जास्त वीस संख्या तपासाव्या लागतात.